एका अक्षराने पुसलेले पाच महिने

पोस्ट मोठी आहे, पण विषय आपल्या पाण्याचा आहे. शेवटपर्यंत वाचा.

मे महिन्यात १६, १७ आणि १८ तारखेला वरच्या आळीत जेमतेम वीस मिनिटं पाणी आलं. कार्यालयाचं म्हणणं, टाकी रोज पूर्ण भरली होती. आता टाकीवर पाण्याची पातळी मोजणारं सेन्सर बसवलंय, दर १५ मिनिटांनी आकडा खालच्या खोलीतल्या कॉम्प्युटरमध्ये जातो. मग भांडायचं कशाला, आकडेच बघू, असं म्हणून आम्ही १९ मेला माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. १ जानेवारीपासूनच्या सगळ्या नोंदी मागितल्या.

जूनमध्ये उत्तर आलं. पाच महिन्यांच्या नोंदी म्हणून हातात पडल्या फक्त २६६ ओळी. पहिली ओळ १८ मे, दुपारी ४ वाजून ४० मिनिटांची. शेवटची २१ मे, सकाळी १० वाजून ५५ मिनिटांची, म्हणजे फाइलची प्रत काढली तेव्हाची. त्याच्या आधीचं काहीच नाही.

गावात लगेच दोन तट पडले. एक म्हणे, "मुद्दाम उडवलं." दुसरा म्हणे, "मशीन आहे, बिघडतं." माझं रोजचं काम प्रोग्रॅमिंगचं, म्हणून परवानगी घेऊन मी तो कॉम्प्युटर बघायला गेलो. तिथला ऑपरेटर बिचारा मनापासून सांगत होता, "दादा, नोंद होते की रोज. हे बघा ना स्क्रीनवर, आत्ताचीसुद्धा आली." खरंच येत होती. कोणी काही उडवलं नव्हतं आणि मशीनही बिघडलं नव्हतं. कंत्राटदाराने दिलेला प्रोग्रॅम साधारण असा होता:

```python
f = open("taki.csv", "w")
while True:
    f.write(read_level() + "\n")
    f.flush()
    time.sleep(900)
```

पहिल्या ओळीतलं ते `"w"` बघा. फाइल कशासाठी उघडायची, हे ते अक्षर सांगतं. `"w"` म्हणजे लिहायला, पण कोऱ्या पानापासून. त्या नावाची फाइल आधीच असेल तर तिच्यातलं सगळं पुसलं जातं, आणि तेही फाइल उघडल्या क्षणी. नवीन एक अक्षर लिहिण्याआधीच जुनं गेलेलं असतं. आधीच्या मजकुराच्या खाली लिहायचं असेल तर तिथे `"a"` लागतं.

आता प्रश्न असा, की इतकी साधी गोष्ट पाच महिने कोणाच्या लक्षात कशी आली नाही? कारण हा प्रोग्रॅम फाइल एकदाच उघडतो, सुरू होताना. त्यानंतर चालू आहे तोवर ओळीखाली ओळ नीट जमत जाते. यंत्रणा ताब्यात घेताना तपासणी झाली होती. कंत्राटदाराचा माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसला, ओळी वाढताना सगळ्यांनी पाहिल्या, सह्या झाल्या. दिवसभर बघा नाहीतर महिनाभर, हा दोष दिसणारच नाही. तो दिसतो प्रोग्रॅम बंद होऊन पुन्हा सुरू झाला की. आणि तेव्हाही स्क्रीनवर एरर येत नाही, कारण प्रोग्रॅमच्या हिशेबाने चुकीचं काही घडलेलंच नसतं.

आता १८ मेला काय झालं ते जुळवून बघा. दुपारी एकच्या सुमाराला लाइट गेली, ती साडेचारला आली. कॉम्प्युटर चालू झाला, त्याच्याबरोबर प्रोग्रॅम आपोआप सुरू झाला, ४:४० ला पहिली नोंद पडली. त्या आधी त्याच ओळीने जे काही होतं ते साफ केलं होतं. बरं, त्या फाइलमध्ये तरी जानेवारीपासूनचं होतं का? तेही नाही. दर वेळी लाइट गेली आली, की आधीचं गेलं. १८ तारखेला दुपारी फाइलमध्ये जे होतं, ते फक्त त्याआधी लाइट गेली होती तिथपासूनचं.

मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे. लाइट जाते तेव्हा पंपही बंद पडतो. पंप बंद म्हणजे टाकी भरत नाही, आणि टाकी भरली नाही की तक्रार येते. म्हणजे ज्या दिवसांचा हिशेब लोक मागणार, नेमक्या त्याच दिवसांनंतर ही फाइल पुसली जाणार. सगळं सुरळीत असतानाचे आकडे शिल्लक राहतात आणि अडचणीचे जातात. कोणाच्या मनात खोट नसतानाही कार्यालय कायम बरोबर दिसतं.

गेलेलं परत मिळतं का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. फाइल डिलीट केली तर निदान रिसायकल बिनमध्ये शोधता येते. इथे फाइल डिलीट झालेलीच नाही. ती जागच्या जागी आहे, त्याच नावाने, फक्त आतून रिकामी होऊन पुन्हा भरलेली. रोज रात्री पेनड्राइव्हवर प्रत निघत होती, पण तीही त्याच नावाने, कालच्या प्रतीवर. त्यामुळे चांगल्या प्रतीवरसुद्धा रिकामी होऊन भरलेली फाइल बसली. आणि माहितीचा अधिकार जी माहिती आहे तीच देऊ शकतो. पुसलेली नोंद अपिलातही उगवत नाही.

दुरुस्ती किती मोठी, तर एवढी:

```python
while True:
    with open("taki.csv", "a") as f:
        f.write(read_level() + "\n")
    time.sleep(900)
```

दर नोंदीला फाइल उघडायची, खाली एक ओळ जोडायची, बंद करायची. लाइट कधीही जावो, आधीच्या ओळी जागेवर राहतात. फाइल फुगेल अशी भीती कोणी घातली तर हिशेब सांगा: दिवसाला ९६ ओळी, एका ओळीला साधारण २२ अक्षरं, म्हणजे वर्षाला एक एमबीसुद्धा होत नाही. मोबाइलवरचा एक फोटो यापेक्षा मोठा असतो. अर्थात `"a"` ने फक्त आपोआप पुसणं थांबतं. कोणी हाताने फाइल उघडून आकडा बदलला तर ते त्याने अडत नाही. त्यासाठी रोजची प्रत तारखेच्या नावाने, दुसऱ्या जागी ठेवावी लागते.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(क) प्रमाणे नोंदी नीट, सूचीसह जपून ठेवणं हे कार्यालयाचं कामच आहे, कोणी अर्ज करो वा न करो. म्हणून आम्ही लेखी मागणी दिली आहे ती दोनच गोष्टींची. एक, वरची दुरुस्ती आणि तारखेच्या नावाने प्रती. दोन, यापुढे अशी कोणतीही यंत्रणा ताब्यात घेताना सगळ्यांसमोर ती बंद करून पुन्हा चालू करायची, आणि फाइलची पहिली ओळ वाचायची. पहिल्या ओळीवर जुनी तारीख असेल तर सही करा. आत्ताची वेळ असेल तर करू नका.

ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि तिला कॉम्प्युटर यावा लागत नाही. तुमच्या वॉर्डात पाण्याच्या टाकीवर, पंपावर, हजेरीच्या मशीनवर अशी नोंद होत असेल तर आधी तेवढंच विचारा: "फाइलची पहिली ओळ कोणत्या तारखेची आहे?" अर्ज करायची वेळ यायच्या आधी विचारा.