एक ग्राहक मिळवायला किती पैसे द्यावेत?



आज एक हिशेब सांगतो. हा आमच्या घरातलाच आहे.

आमच्या वहिनी कोथरूडला घरूनच थालीपीठ भाजणी, मेतकूट आणि दिवाळीत फराळ विकतात. ऑर्डरी इन्स्टाग्रामवरून येतात. 2024 च्या जानेवारीत त्या म्हणाल्या, "भाऊजी, जाहिरातीला 9,000 घातले आणि 60 ऑर्डरी आल्या. म्हणजे 150 रुपये देऊन 450 ची विक्री! बँकेतली पन्नास हजारांची ठेव मोडते आणि सगळी जाहिरातीत घालते."

मी म्हटलं, "वहिनी, ठेव मोडायच्या आधी वही काढा."

आधी आम्ही 450 कडे पाहिलं. ही विक्री आहे, शिल्लक नव्हे. धान्य, दळण आणि पाकिटं मिळून 200, कुरिअर 60, ऑनलाइन पेमेंटचा खर्च 10. उरले 180. वहिनी भाजण्यात आणि पॅकिंगमध्ये घालवतात त्या वेळेची मजुरी त्यांनी धरलीच नव्हती. ती 60 धरली. एका ऑर्डरमागे खरे हातात आले 120 रुपये.

मग त्या 60 ऑर्डरी तपासल्या. फोन नंबर जुन्या वहीशी ताडून पाहिले, तर 15 जण आधीचेच ग्राहक निघाले. त्यांनी जाहिरात पाहिली, म्हणून ॲपने त्या ऑर्डरीही जाहिरातीच्या खात्यात मांडल्या. नवे ग्राहक 45, म्हणजे प्रत्येकी खर्च 200 रुपये. पहिल्या ऑर्डरवर 120 मिळवायला 200 दिले!

मग जाहिरात बंदच करायची का? लगेच नाही. कारण भाजणी संपली की माणूस परत येतो. तो आपल्याकडे राहील तोवर एकूण किती शिल्लक देईल, या अंदाजाला 'कस्टमर लाइफटाइम व्हॅल्यू' म्हणतात. आपण 'ग्राहकमूल्य' म्हणू.

वहिनी म्हणाल्या, "माझे ग्राहक वर्षात सहा वेळा तरी मागवतात." हे खरं होतं, पण शेजारच्या आणि ओळखीच्या ग्राहकांबाबत. जाहिरातीतून आलेला अनोळखी माणूस तसाच वागेल असं धरता येत नाही. म्हणून आम्ही एकाच महिन्यात, एकाच वाटेने आलेले ग्राहक वेगळे काढले.

जून 2022 मध्ये भाजणीच्या जाहिरातीतून 50 जण आले होते. वर्षभरात त्यातल्या 20 जणांनी दुसऱ्यांदा मागवलं, 12 जणांनी तिसऱ्यांदा, 8 जणांनी चौथ्यांदा. एकूण ऑर्डरी 90.

90 × 120 ÷ 50 = 216 रुपये

ऑक्टोबर 2022 मध्ये फराळाच्या जाहिरातीतूनही 50 जण आले होते. त्यांच्या वर्षभरातल्या ऑर्डरी फक्त 55, म्हणजे 132 रुपये. पण इथे एक गोम होती. 2022 चं लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला होतं आणि 2023 मध्ये अधिक महिना आल्यामुळे ते 12 नोव्हेंबरला गेलं. बरोबर बारा महिने मोजले की पुढची दिवाळी बाहेरच राहते! ती धरल्यावर ऑर्डरी 67 झाल्या आणि ग्राहकमूल्य 161.

किती काळ मोजायचं हे मालावर ठरतं. 2010 साली पुण्यात सुरू झालेल्या फर्स्टक्रायचं उदाहरण घ्या. लहान मुलांच्या वस्तूंचा ग्राहक मूल मोठं झालं की आपोआप सुटतो. म्हणून कंपनी हॉस्पिटलमध्येच नव्या आईबाबांना भेटपेटी देऊ लागली. ग्राहक जितका लवकर जोडला जाईल, तितका खरेदीचा काळ जास्त मिळतो.

आता वहिनींचा निर्णय. ग्राहकमूल्य 216 आणि खर्च 200, म्हणजे भाजणीत 16 रुपये सुटतात. पण 200 आज जातात आणि 216 वर्षभर थोडेथोडे येतात. शिवाय तो अंदाज फक्त 50 माणसांवरचा. चार-पाच ऑर्डरी कमी आल्या तरी तो 16 चा फायदा बराचसा जातो. म्हणून आम्ही ग्राहकमूल्याच्या तीन-चतुर्थांशावर मर्यादा ठेवली. भाजणीला जास्तीत जास्त 160 आणि फराळाला 120. म्हणजे फराळाचा खर्च पहिल्याच ऑर्डरमध्ये वसूल झाला पाहिजे.

पुढच्या महिन्यात भाजणीच्या जाहिरातीला 9,000 ऐवजी 5,000 च घातले. नवे ग्राहक आले 32, प्रत्येकी साधारण 156 रुपयांना. आता नीट बघा. आधीच्या महिन्यात वरचे 4,000 घालून फक्त 13 जण जास्त मिळाले होते, म्हणजे त्यातला एकेक 300 च्या वर पडला. 200 च्या सरासरीत तो महागडा भाग झाकला गेला होता. जाहिरातीला आणखी पन्नास हजार ओतले असते तर पुढचे ग्राहक याहून महाग पडले असते.

ठेव अजून बँकेतच आहे. वहीत मात्र एक नवा रकाना आलाय : 'कुठून आले?'

तुमच्या ओळखीत कुणी घरून काही विकत असेल, तर एका महिन्याचे नवे ग्राहक घ्या, फोन नंबर ताडून पाहा आणि हाच हिशेब मांडा. उत्तर काय आलं ते पुढच्या तासाला सांगा.