खडेबाजारातील हट्ट

खडेबाजारात फुग्यासाठी आमच्या अडीच वर्षांच्या चिरंजीवांनी रस्त्यावर अंग टाकले, की सासूबाई फुगा घेऊन देत. चारचौघांत शोभा नको, हा त्यांचा हेतू.

फोरहँड व लाँग यांच्या ‘पॅरेंटिंग द स्ट्राँग-विल्ड चाइल्ड’ (१९९६) या पुस्तकात अशा रडण्याकडे दुर्लक्ष करावे, असे वाचून आम्ही तसे केले. रडणे दुप्पट झाले आणि सासूबाईंनी फुगा दिलाच.

दुर्लक्ष केले की हट्ट आधी वाढतो, मग ओसरतो. वाढलेल्या क्षणी माघार घेतली, तर मूल अधिक मोठ्याने रडायला शिकते. शिवाय पुस्तकात दुर्लक्षाची पाळी तिसरी आहे. आधी रोज दहा-पंधरा मिनिटे मुलाच्या खेळात बसावे, हुकूम वा प्रश्न न करता तो करील ते बोलून दाखवावे. मग चांगल्या वागण्याचे कौतुक करावे.

नातवाकडे पाठ फिरवणे सासूबाईंना पटेना. खेळात बसणे मात्र आवडले. ते काम त्यांचे झाले. फुगा घ्यायचा की नाही, हेही निघण्यापूर्वी त्याच ठरवू लागल्या.

परवा चिरंजीव रडले. सासूबाईंनी त्यांना उचलून कडेला नेले, मुकाट्याने उभ्या राहिल्या. फुगा घेतला नाही.