ओळीवर बोट

पाचवीच्या शिष्यवृत्तीच्या तयारीसाठी बाहेरून मागवलेल्या एका सराव प्रश्नपत्रिकेत तोरण्यावर उतारा होता. गड वेल्ह्याजवळ आहे, विस्तारामुळे त्याला प्रचंडगड म्हणतात, त्याला झुंजार आणि बुधला अशा दोन माच्या आहेत, दुरुस्ती करताना तिथे धन सापडलं. उतारा तिथेच संपला. प्रश्न होता, सापडलेल्या धनाचं काय केलं? पहिला पर्याय 'राजगड बांधला', चौथा 'उताऱ्यावरून सांगता येत नाही'.

आमच्या वर्गातल्या एका मुलीने चौथा निवडला आणि तिचे गुण कापले गेले. उत्तरसूचीत पहिला पर्याय होता. पेपर हातात घेऊन ती तपासणाऱ्यांकडे गेली. "सर, हे कोणत्या ओळीत आहे?" ते म्हणाले, "वेल्ह्याची असून एवढं माहीत नाही?"

तिला माहीत होतं. शाळेच्या दारातून तोरणा दिसतो, धनाची गोष्ट तिने आजीकडून ऐकलेली आहे. पण प्रश्नांच्या वर ठळक छापलं होतं, 'उताऱ्याच्या आधारे उत्तरे लिहा.' आधार तिने शोधला. तो नव्हता, म्हणून नाही म्हणाली. बाकी मुलांनी ओळ न शोधता गुण मिळवले. मी सूची चुकीची आहे असं सांगितलं, पण गुण बदलले नाहीत. आजही त्या पेपरचा राग येतो.

आमच्याकडची मुलं अडतात ती ओळखीच्याच विषयावर. रबराच्या लागवडीवर उतारा द्या, ती निमूट ओळ शोधतात. भाटघर धरणावर द्या, वाचायच्या आधी उत्तर तयार असतं. एकदा भोरच्या मुलांनी धरणाची नदी नीरा लिहिली, कारण घरी नीरेच्या कालव्याचंच बोलणं चालतं. उताऱ्यात तिसऱ्याच ओळीत वेळवंडी होती. म्हणून आम्ही आधी ओळींना क्रमांक घालतो आणि प्रत्येक उत्तरापुढे समासात त्याच्या ओळीचा क्रमांक लिहायला लावतो. क्रमांक लिहिता आला नाही, तर ते उत्तर उताऱ्यातून आलेलं नाही, डोक्यातून आलं आहे.

मात्र एकाच ओळीच्या क्रमांकाला धरून बसलं तरी फसगत होते. दुसऱ्या एका उताऱ्यात मुलं काळोखात निघतात असं दुसऱ्या ओळीत होतं, आणि सहाव्या ओळीत माथ्यावर सावली पायाशी आली होती. माथ्यावर केव्हा पोहोचली? 'दुपारी' हा शब्द कुठेच नव्हता. त्याच मुलीने पुन्हा 'सांगता येत नाही' निवडलं. मग तिला सावलीच्या ओळीवर एक बोट आणि आधीच्या काळोखावर दुसरं ठेवायला लावलं. शीर्षकाच्या प्रश्नाला तर एक ओळ चालतच नाही, प्रत्येक परिच्छेदातली एकेक लागते.

खऱ्या परीक्षेत पुन्हा तोरण्यासारखा प्रश्न आला तर काय निवडू, असं तिने विचारलं. मी म्हणालो, ओळ असेल ते. गुण कोणाच्या सूचीने मिळतील याची खात्री तिला मी देऊ शकलो नाही.