बायोडेटातला फोटो

पुतणीचा फोटो स्टुडिओतून आला. चेहरा दोन छटा उजळ, हात मात्र तिचेच, सावळे. हनुवटीवरचा तीळ गायब. मला ते फार लागलं. बघायला येणाऱ्यांच्या नजरेत तिने त्या फोटोशी बरोबरी करत बसायचं का?

रात्री घरीच पुन्हा काढला. मोबाइल जवळ धरला की नाक मोठं दिसतं. ते नंतर बारीक करण्यापेक्षा पाच-सहा फूट मागे गेलो आणि झूम केलं. मग दुरुस्ती. पंधरा दिवसांत आपोआप जाणारं ते पुसायचं, राहणारं ठेवायचं, एवढंच ठरवलं. कपाळावरची पुटकुळी काढली, तीळ ठेवला. रंगाचं अवघड. ट्यूबलाइटची हिरवट झाक काढणं रास्तच. पण तिच्या पांढऱ्या ओढणीकडे बघत, ती पांढरी दिसेपर्यंतच. त्यानंतर उजेड वाढवत गेलं की ओढणीची वीण नाहीशी होते, आणि चेहऱ्याचंही तसंच होत असतं.

वहिनी म्हणाल्या, “थोडी गोरी केली असती तर?” मी नाही म्हटलं. आपला रंग घरच्यांनाच लपवावासा वाटतो, हे तिला का कळावं? तिने तोच फोटो पाठवायला सांगितला.