दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट?

सातपूरच्या एमआयडीसीत अ‍ॅल्युमिनियमच्या प्रेशर डाय कास्टिंगचं काम करताना रोज दोन प्रकारच्या नोंदी माझ्यासमोर येतात. भट्टीतल्या धातूचं तापमान अंशाअंशानं चढत-उतरत असतं. लीक टेस्टचा निकाल मात्र पास किंवा फेल, मधलं काही नाही. तापमानावरून फेल होण्याची शक्यता काढायला मी लॉजिस्टिक रिग्रेशन वापरतो.

शक्यतेवर थेट सरळ रेषा बसवली, तर कुठंतरी ती एकाच्या वर किंवा शून्याखाली जाते. म्हणून आधी ऑड्स घ्यायचे, म्हणजे फेल आणि पास यांचं प्रमाण. शंभरात पाच फेल असतील तर ऑड्स 5 ला 95. याला वर मर्यादा नाही, पण खाली शून्याची भिंत आहे. लॉग घेतला की तीही जाते. या लॉग-ऑड्सला जोसेफ बर्कसन यांनी 1944 मध्ये ‘लॉजिट’ नाव दिलं. रेषा इथं बसवायची. मिळालेला z पुन्हा शक्यतेत आणायचं सूत्र p = 1/(1+e^(-z)), आणि त्याचा आलेख म्हणजे दोन्ही टोकांना सपाट होत जाणारा सिग्मॉइड.

समजा, तापमानाचा गुणांक दर अंशाला 0.0693 आला. दहा अंशांना 0.693, आणि e^0.693 म्हणजे 2. हा ऑड्स रेशो. ‘दहा अंशांनी रिजेक्शन दुप्पट’ असं मीटिंगमध्ये लगेच बोललं जातं, आणि मला तिथंच थांबवावंसं वाटतं. दुप्पट होतात ते ऑड्स. शंभरात एक फेल असेल तर 1 ला 99 चे 2 ला 99 होतात, म्हणजे जवळजवळ 2 टक्के. इथं बोलणं खपून जातं. पण नव्या डायच्या ट्रायलमध्ये निम्मी कास्टिंग्ज फेल होत असतील, तर 1 ला 1 चे 2 ला 1 होतात, म्हणजे 67 टक्के, शंभर नव्हे. गुणांक तोच, सुरुवात कुठून, यावर टक्के ठरतात.

यात एक गृहीत दडलेलं आहे: प्रत्येक दहा अंशांचा परिणाम सारखाच. धातू तसा वागत नाही. फार तापला तर वायू जास्त शोषतो, सच्छिद्रता वाढते. थंड असेल तर प्रवाह नीट जुळत नाहीत, कोल्ड शट येतात. म्हणून मॉडेलआधी मी तापमानाचे गट पाडतो आणि प्रत्येक गटाचे लॉग-ऑड्स कागदावर मांडतो. एखाद्या गटात एकही फेल नसेल तर लॉग निघतच नाही, तो शेजारच्या गटात मिसळावा लागतो. ठिपके सरळ रेषेत आले तर ठीक. मध्ये खोलगट आणि दोन्हीकडे वर दिसले, तर तापमानाचा वर्गही मॉडेलमध्ये घालतो. मग एकच ऑड्स रेशो सांगता येत नाही. कोणत्या तापमानापासून कोणत्या तापमानापर्यंत, हे आधी सांगावं लागतं.