प्रेस थांबायला किती वेळ लागतो?

चाकण परिसरातल्या एका प्रेस शॉपमध्ये शंभर टनी प्रेसवर एका ऑपरेटरच्या उजव्या हाताच्या बोटाचे टोक गेले. प्रेसला लाईट कर्टन होता आणि तो चालू होता. पडद्यातून हात आत गेला, प्रेसला थांबण्याचा सिग्नल मिळाला आणि प्रेस थांबलाही. पण बोट चेपल्यावर थांबला.

मी तेव्हा त्याच कंपनीच्या दुसऱ्या युनिटमधून अंतर्गत ऑडिटसाठी तिथे जात असे. अपघाताच्या चौकशीचा पहिला कागद मी पाहिला, तेव्हा कारणाच्या रकान्यात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ लिहिलेले होते आणि उपायाच्या रकान्यात ‘समज दिली, पुन्हा ट्रेनिंग दिले’. खाली तिघांच्या सह्या. कारखान्याला आयएसओ ४५००१ चे प्रमाणपत्र होते, भिंतीवर प्लॅन-डू-चेक-अ‍ॅक्टचे चाक रंगवलेले होते. त्या कागदापुरते मात्र ते चाक एक इंचही फिरले नव्हते. कामगाराला समज देऊन प्रेसमध्ये काय बदलले, हा प्रश्न त्या कागदाला कोणी विचारलाच नव्हता.

तो विचारला नव्याने रुजू झालेल्या सेफ्टी ऑफिसर बाईंनी. त्यांनी चौकशी बंद करायला नकार दिला. जखमी ऑपरेटर कामावर परतल्यावर त्या त्याच्याशी मशीनजवळ उभ्या राहून बोलल्या, ऑफिसात बोलावून नव्हे. त्याने सांगितले, “मॅडम, पेडल दाबलं आणि पत्रा डायमध्ये वाकडा बसलेला दिसला. सरळ करायला हात घातला. कर्टन आहे म्हटलं, थांबेल प्रेस.”

या एका उत्तरात दोन धागे होते. पत्रा वाकडा का बसला, आणि प्रेस वेळेवर का थांबला नाही?

दुसरा धागा त्यांनी आधी धरला. लाईट कर्टन डायपासून किती लांब बसवायचा, याचा हिशेब आयएसओ १३८५५ या मानकात दिलेला आहे आणि तो अवघड नाही. हात सेकंदाला दोन मीटर वेगाने पुढे येतो असे धरायचे. पडद्यात हात शिरल्यापासून स्लाइड पूर्ण थांबेपर्यंतचा वेळ त्या वेगाने गुणायचा. बोटाएवढी, म्हणजे १४ मिलिमीटरची वस्तू ओळखणारा पडदा असेल तर यात आणखी काही मिळवावे लागत नाही. जाडच वस्तू ओळखणारा असेल तर अंतर वाढवावे लागते, कारण बोट बरेच आत शिरेपर्यंत त्याला ते कळतच नाही.

प्रेस बसवताना पुरवठादाराने दिलेला कागद फाइलमध्ये सापडला. थांबण्याचा वेळ ०.१२ सेकंद, म्हणजे किमान अंतर २४० मिलिमीटर. पडदा २६० वर बसवलेला. त्या दिवशी हिशेब चोख होता.

पण तो कागद काही वर्षांपूर्वीचा होता आणि त्यानंतर कोणीही तो वेळ मोजलेला नव्हता. बाईंनी बाहेरून स्टॉप-टाइम मीटर मागवला. स्लाइड खाली येताना तिचा वेग जिथे सर्वांत जास्त असतो, म्हणजे क्रँक साधारण नव्वद अंशांवर असताना, सिग्नल तोडून वेळ मोजायचा. अनेक रीडिंग घ्यायची आणि त्यांतले सर्वांत वाईट धरायचे, सरासरी नाही. सर्वांत वाईट रीडिंग निघाले ०.१७ सेकंद. म्हणजे पडदा ३४० मिलिमीटरवर हवा होता आणि होता २६० वर. मधल्या ८० मिलिमीटरमध्ये त्या माणसाचे बोट गेले होते.

मेंटेनन्सच्या मिस्त्रींनी प्रेस उघडला. ब्रेकची लायनिंग झिजलेली होती आणि तिच्यावर तेल उतरले होते. क्लचच्या व्हॉल्व्हमधून हवा जिथून बाहेर पडते तो सायलेन्सर तेल आणि धुळीने निम्मा बुजलेला होता. हवा लवकर सुटली नाही की क्लच लवकर सुटत नाही आणि ब्रेक उशिरा बसतो. सायलेन्सर किरकोळ किमतीचा भाग. मेंटेनन्सच्या यादीत त्याचे नावसुद्धा नव्हते.

दरम्यान मी रोजच्या तपासणीचे तक्ते पाहत होतो. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला १४ मिलिमीटर जाडीची टेस्ट रॉड पडद्यातून वर, मध्ये आणि खाली फिरवून पाहायची असते. तक्त्यावर महिनाभराच्या सगळ्या टिका होत्या. एकाच पेनाच्या, एकाच हाताने, एकाच तिरकेपणाच्या. रॉड कपाटात सापडली आणि तिच्यावर धुळीचा थर होता. मी हे निरीक्षणात नोंदवले. पण त्याहून महत्त्वाचे हे की ती रॉड रोज इमानाने फिरवली असती, तरी हा दोष सापडला नसता. रॉड एवढेच सांगते की पडद्याला वस्तू दिसते. प्रेस किती वेळात थांबतो, हे ती सांगू शकत नाही. म्हणजे चेक होता, पण धोका जिथे होता तिथे तो पाहतच नव्हता. अशा तपासणीचा आकडा कायम शंभर टक्के येतो आणि सगळ्यांना बरे वाटते.

मग पहिला धागा, वाकड्या पत्र्याचा. टूलरूमच्या काकांनी डाय खाली उतरवून पाहिला तर पत्रा जागेवर धरणारी लोकेटिंग पिन झिजून सैल झालेली. दर काही पत्र्यांमागे एक वाकडा बसायचा आणि हाताने सरळ करायची सवय सगळ्या लाइनला लागलेली. काका म्हणाले, “पिन बदला असं कुणी सांगितलंच नाही. रिजेक्शन वाढलं असतं तर लगेच सांगितलं असतं.” गुणवत्तेसाठी डायची देखभाल होती, हातासाठी नव्हती.

आता उपाय ठरवायची वेळ आली. सायलेन्सर बदलला, लायनिंग नवी बसवली, पिन बदलली, पत्रा सरकवत आत ढकलण्यासाठी छोटा ट्रे केला. ०.१२५ सेकंद रीडिंग आले. त्यावर न थांबता पडदा ३२० मिलिमीटरवर नेला, म्हणजे प्रेस पुन्हा थोडा मंदावला तरी मोकळीक राहील. इथे एक गोष्ट अशी घडली की जी अनेक कारखान्यांत निसटते. पडदा पुढे सरकवताच त्याच्या दोन्ही बाजूंना फटी उघडल्या आणि बाजूने हात डायपर्यंत पोहोचू लागला. आयएसओ ४५००१ बदलाचे नियोजन मागते ते यासाठीच. बाईंनी प्रेस सुरू करू दिला नाही. बाजूच्या जाळ्या बसल्यावरच परवानगी दिली. एका पाळीचे उत्पादन बुडाले आणि त्यावरून बरीच आवाजाआवाजी झाली. तो निर्णय बरोबर होता, असे मला आजही वाटते.

दुसरी गोष्ट मानकातच लिहिलेली आहे, पण सहसा वाचून सोडली जाते: अपघातानंतर तशीच परिस्थिती इतरत्र आहे का हे पाहायचे. मीटर भाड्याने आणलेलाच होता, तो सगळ्या न्यूमॅटिक क्लचच्या प्रेसवर फिरवला. आणखी दोन प्रेस हिशेबाबाहेर निघाले. त्यांच्यावर कोणालाही इजा झालेली नव्हती, म्हणून ते ‘सुरक्षित’ समजले जात होते.

शॉपच्या टोकाला जुने पिन क्लचचे प्रेस होते. त्यांच्यावर हा सगळा हिशेब लागूच होत नाही, कारण पिन एकदा गुंतली की फेरी पूर्ण झाल्याशिवाय स्लाइड थांबत नाही. अशा प्रेसला लाईट कर्टन लावणे म्हणजे पैसे घालवून खोटा दिलासा विकत घेणे. तिथे बोट शिरणार नाही असा बंद डाय, नाहीतर पक्का गार्ड, नाहीतर प्रेसच बदलणे, एवढेच मार्ग आहेत. व्यवस्थापनाच्या आढावा बैठकीत हा विषय खर्चासकट मांडला गेला आणि टप्प्याटप्प्याने प्रेस बदलण्याचा निर्णय इतिवृत्तात नोंदवला गेला.

नंतर बाहेरचे ऑडिटर आले. त्यांनी प्लांट मॅनेजरना विचारले, “सातत्याने सुधारणा होते आहे, हे दाखवा.” मॅनेजरनी त्यांना गेटवरच्या फलकाकडे नेले, ‘अपघातमुक्त दिवस’. ऑडिटरनी तो पाहिला आणि म्हणाले की हे वर्ष बरे गेले, एवढेच यावरून कळते. त्यांचे म्हणणे योग्य होते. शेसव्वाशे माणसांच्या शॉपमध्ये वर्षाला दोन-तीन अपघात होत असतील, तर तिनाचा एक होणे निव्वळ योगायोगही असू शकतो. इतक्या छोट्या आकड्यावरून व्यवस्था सुधारली असे म्हणता येत नाही. आणि आकडा शून्य ठेवण्याच्या दबावाखाली लोक जखमा लपवू लागतात, हा धोका वेगळाच.

मग बाईंनी टेबलावर कागद मांडले. धोक्यांच्या नोंदवहीची जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी शेजारी. त्याच प्रेसच्या ओळीत आधी नियंत्रण म्हणून ‘ट्रेनिंग, हातमोजे, सूचनाफलक’ होते. आता ‘लोकेटिंग पिन, सरकता ट्रे, ३२० मिलिमीटरवर पडदा, बाजूच्या जाळ्या’. माणसाच्या सावधपणावर टेकलेला उपाय यंत्राच्या रचनेत गेला, हे एका नजरेत दिसत होते. त्याशेजारी प्रत्येक प्रेसच्या थांबण्याच्या वेळेचा आलेख, दर तीन महिन्यांच्या रीडिंगसह. त्यावर दोन रेषा: ०.१६ सेकंद ही हिशेबाची मर्यादा आणि ०.१४ ही हालचाल करण्याची. चार नंबरचा प्रेस ०.१२५ वरून ०.१४५ वर चढला होता आणि त्याच जागी बाण काढून लिहिले होते, ‘सायलेन्सर बदलला’. पुढचे रीडिंग पुन्हा खाली. कोणाला काही होण्याआधी व्यवस्थेने दोष पकडला आणि दुरुस्त केला, याचा तो पुरावा होता.

ऑडिटर त्या बाणापाशी बराच वेळ थांबले. मग त्यांनी निअर मिसच्या नोंदी मागितल्या. त्या आदल्या वर्षीपेक्षा कितीतरी वाढलेल्या होत्या. मॅनेजर थोडे अस्वस्थ झाले, पण ऑडिटरनी एक चिठ्ठी उचलून तिचा माग काढला: ऑपरेटरने लिहिले होते की स्क्रॅप डायमध्ये अडकतो आणि काढायला हात घालावा लागतो. कोणी वाचली, काय ठरले, एअर ब्लास्ट कधी बसला, आणि बसल्यावर अडकणे थांबले का हे कोणी पाहिले? चारही उत्तरे तारखांसह मिळाली. शेवटचे उत्तर बहुतेक ठिकाणी मिळत नाही. उपाय केल्याची नोंद असते, तो लागू पडला का याची नसते.

पुढच्या वर्षाच्या आराखड्यात ‘अपघात शून्य’ हे उद्दिष्ट पहिल्या ओळीत राहिले नाही. त्या जागी आले: सर्व न्यूमॅटिक प्रेसचा थांबण्याचा वेळ ०.१४ सेकंदाच्या आत ठेवणे, स्टॉप-टाइम मीटर स्वतःचा विकत घेणे, सायलेन्सर मेंटेनन्सच्या यादीत टाकणे, आणि डायच्या लोकेटिंग पिना दर सेटिंगला तपासणे. पिन तपासायची जबाबदारी टूलरूमच्या काकांनी मागून घेतली. पिन क्लचचा एक प्रेस मात्र अजून बदलायचा राहिला होता. त्याच्यावर बंद डायचेच काम द्यायचे असे ठरले आणि कोणते डाय त्याच्यावर चढवायचे नाहीत, याची यादी त्याच्या अंगावर रंगवून घेतली.