सरासरीत न मावणारा वाचक

आमच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर निवृत्तिवेतनधारकांसाठी एक माहितीपर पान आहे. हयातीचा दाखला कधी, कोठे आणि कसा सादर करावा, एवढाच त्याचा विषय. केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांनी तो दर नोव्हेंबरात द्यावयाचा असतो. ऐंशी वर्षे पूर्ण झालेल्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. एका आढावा बैठकीत या पानाचा 'बाउन्स रेट' फार असल्याचा शेरा आला, आणि ते अधिक आकर्षक करावे, त्यात छायाचित्रे घालावीत, अशी सूचनाही झाली.

बाउन्स म्हणजे एकच पान पाहून परत जाणे. आता एखादे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ हे पान उघडतात, तारीख पाहतात आणि निघून जातात. पानाने आपले काम चोख केले, तरी नोंद मात्र बाउन्सची होते. दुसरे कोणी लांबलचक परिच्छेद पाहून कंटाळून जातात, त्यांचीही नोंद तीच. तृप्त आणि त्रस्त या दोघांना एकाच रकान्यात टाकणारा हा आकडा आहे.

याहून मौजेचा आकडा 'पानावरील सरासरी वेळ' हा. गूगल अ‍ॅनालिटिक्सच्या जुन्या आवृत्तीत हे पान उघडल्याची वेळ आणि पुढचे पान उघडल्याची वेळ यांतील अंतर म्हणजे वाचनाचा वेळ, असा हिशेब असे. पुढचे पान उघडलेच नाही, तर वजाबाकीला दुसरी संख्याच नाही. समजा, १०० जणांनी पान उघडले आणि ८० जण तेथूनच बाहेर पडले. मग सरासरी उरलेल्या २० जणांचीच निघणार. त्यांतील १९ जण एकेका मिनिटाने पुढे सरकले आणि एक गृहस्थ पान तसेच उघडे ठेवून चहाला गेले व २५ मिनिटांनी परतले, तर बेरीज ४४ मिनिटे, सरासरी २ मिनिटे १२ सेकंद. एवढा वेळ वीसांपैकी एकानेही पान वाचलेले नाही! शिवाय हे वीस जण नमुना म्हणूनही निरुपयोगी, कारण हवे ते न सापडल्यामुळेच पुढे गेलेले त्यांत अधिक असण्याचा संभव.

ही जुनी आवृत्ती जुलै २०२३ मध्ये थांबली. नवीन आवृत्ती पान पडद्यावर समोर असतानाचाच वेळ मोजते, ही सुधारणा खरीच. पण तिने बाउन्सची व्याख्याही बदलली. दहा सेकंदांहून अधिक थांबलेला वाचक, एकच पान पाहिले तरी, आता बाउन्स ठरत नाही. परिणामी पानातील एक अक्षरही न बदलता दर खाली येतो, आणि अहवालात ती प्रगती म्हणून झळकते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. आधारवर्ष बदलल्यावर जुनी आणि नवी मालिका सरळ जोडता येत नाही, तोच हा प्रकार. दोन्ही मापने काही काळ समांतर चालवली असतील, तरच त्यांचा सांधा जुळवता येतो.

पान किती खालपर्यंत सरकवले, हे मापही असेच जपून वापरावे. नव्या आवृत्तीतील तयार नोंद पानाच्या उंचीचा ९० टक्के भाग ओलांडल्यावर होते, मजकुराचा नव्हे. आमच्या पानाखाली जुन्या परिपत्रकांची भलीमोठी यादी होती. मजकूर जेमतेम निम्म्यावर संपत असे. म्हणजे शेवटचा शब्द वाचणाराही 'अपुरा वाचक', आणि अंगठ्याच्या एका फटक्यात तळ गाठणारा 'पूर्ण वाचक'! नोंदीची खूण मजकुराच्या शेवटी बसवावी आणि तिच्याबरोबर वेळ पाहावा, म्हणजे काही अर्थ लागतो.

राहिले 'कन्व्हर्जन', म्हणजे इष्ट कृती. अहवालात 'जीवन प्रमाण'च्या दुव्यावरील टिचक्या या सदराखाली मोजल्या होत्या. परंतु दाखला पुढे बँकेत, टपाल कार्यालयात किंवा भ्रमणध्वनीवर चेहरा दाखवून दिला जातो. ते आमच्या मापकाला दिसत नाही. दुव्याचे बटण मोठे व रंगीत केले की टिचक्या वाढतील, दाखले वाढतीलच असे नाही. मापालाच लक्ष्य केले की त्याची विश्वासार्हता ढळते, हे चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणासंबंधी मांडले होते. आमच्याकडे निकाली फायलींच्या मासिक तक्त्यात त्याचा प्रत्यय नित्य येतो.

छायाचित्रे घातली नाहीत. तारीख पहिल्या ओळीत आणली, परिपत्रकांची यादी वेगळ्या पानावर हलवली, आणि पानावर उत्तर असूनही दूरध्वनीने तेच विचारणाऱ्यांची नोंदवही ठेवण्यास कक्षाला सांगितले. तारीख लगेच दिसल्याने वाचक दहा सेकंदांच्या आत परततील आणि बाउन्स रेट वाढेल, तो अपेक्षित समजावा, अशी टीप पुढील आढाव्यासाठी नस्तीत आधीच लावून ठेवली आहे.